दोन पीएस३, मध्ये स्विच, इंटरनेट नाही: समोरचा कन्सोल लिस्टमध्ये दिसतच नाही, तर काय बघायचं

प्रॉब्लेम दरवेळी सारखाच असतो. दोन पीएस३, दोन टीव्ही, मध्ये पाच पोर्टचा साधा नेटवर्क स्विच, दोन लॅन केबल, दोघांकडे आपापली डिस्क, स्विचचे दिवे पण लागलेत, आणि तरी एकाने होस्ट केलेली मॅच दुसऱ्याच्या लिस्टमध्ये येत नाही. मग कोणीतरी जाऊन Internet Connection Test चालवतं, ती फेल येते आणि सगळे म्हणतात "नेट नाय ना इथे, म्हणून नाय चालत". आणि मग एकाच टीव्हीवर स्प्लिट स्क्रीन करून अर्ध्या अर्ध्या पडद्यावर डोळे फोडत बसायचं.

लॅनवर खेळायला इंटरनेट लागत नाही. अजिबात नाही. लागतो तो फक्त प्रत्येक कन्सोलला एक आयपी अ‍ॅड्रेस, आणि तो द्यायला तिथे कोणी नसतं, म्हणून गाडी अडते. घरी राउटर असतो, राउटरमध्ये डीएचसीपी नावाची सोय असते, नवीन डिव्हाइस जोडलं की राउटर त्याला एक अ‍ॅड्रेस देऊन टाकतो, आपल्याला कळत पण नाही. पण तो पाचशे-सातशे रुपयांचा अनमॅनेज्ड स्विच असं काही करत नाही. तो टपाल पोचवणारा आहे, घरनंबर देणारा नाही. एका पोर्टवर आलेला डेटा बरोबर दुसऱ्या पोर्टवर पाठवायचा एवढंच त्याचं काम, अ‍ॅड्रेस वाटणं त्याच्या कामातच नाही. त्यामुळे कन्सोल Automatic वर असेल तर तो बराच वेळ "मला अ‍ॅड्रेस द्या" म्हणून ओरडत राहतो, कोणी उत्तर देत नाही, आणि शेवटी Obtain IP Address समोर Failed येतं. दिवे लागलेत म्हणजे तार जोडलेली आहे एवढंच कळतं, त्याच्यावरचं काही कळत नाही.

आता हे परत परत का होतं ते आधी सांगतो, कारण एकदा सेट केलं की संपलं असं वाटतं आणि पुढच्या गणपतीला सगळे जमले की पुन्हा तेच. पीएस३ मध्ये इंटरनेट कनेक्शनची सेटिंग एकच राहते. फोनमध्ये कसं घरचं वाय-फाय वेगळं, ऑफिसचं वेगळं असं सेव्ह राहतं, तसं इथे नाही. तुम्ही इथे वायर्ड आणि मॅन्युअल आयपी टाकून मस्त खेळलात, मग कन्सोल घरी गेला, तिथे कोणीतरी वाय-फाय जोडलं, की तुमची वायर्डवाली सेटिंग गेली. पुढच्या वेळी तोच कन्सोल केबल लावून आणला तरी तो आतून वाय-फायच शोधत बसणार, समोर केबल दिसते म्हणून तो आपोआप केबलवर येत नाही. म्हणून जमायचं ठरलं की प्रत्येक वेळी दोन्ही कन्सोलवर ही सेटिंग नव्याने करायची हे गृहीत धरा, पाच मिनिटांचं काम आहे. आकडे एका कागदावर लिहून स्विचच्याच खोक्यात टाकून ठेवा.

सेटिंग अशी. पहिल्यांदा Settings मध्ये Network Settings, आणि त्यात Internet Connection असं आहे ते Enabled करा. हे बरेच लोक Disabled करून ठेवतात, "नेटच नाहीये तर कशाला चालू ठेवायचं" असा विचार असतो, पण नाव जरी इंटरनेट असलं तरी ते बंद केलं की कन्सोलचं अख्खं नेटवर्क बंद होतं, मग केबलवर काही जातच नाही. त्यानंतर Internet Connection Settings उघडा, Easy नको, Custom घ्या. Wired Connection निवडा. पुढे Auto-Detect तसंच राहू द्या (ह्यावर खाली बोलतो, महत्त्वाचं आहे). मग IP Address Setting ला Manual घ्या आणि पहिल्या कन्सोलवर हे टाका:

```
IP Address      192.168.1.11
Subnet Mask     255.255.255.0
Default Router  192.168.1.1
Primary DNS     192.168.1.1
```

दुसऱ्या कन्सोलवर सगळं हेच, फक्त IP Address च्या शेवटी 11 च्या जागी 12. बास. Default Router आणि डीएनएसच्या जागी जो 192.168.1.1 टाकलाय तो असा कुठला राउटर तिथे नाहीये, तरी चालतं, कारण दोन कन्सोल एकाच सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एकाच गल्लीत, असले की ते एकमेकांशी सरळ बोलतात, राउटरकडे जायची वेळच येत नाही. ती जागा भरायची म्हणून भरायची. MTU Automatic, Proxy Server ला Do Not Use, UPnP Enable, आणि सेव्ह.

सेव्ह झाल्यावर टेस्ट करायची का विचारतो. करा, पण निकाल नीट वाचा. पहिली ओळ Obtain IP Address, ती Succeeded आली पाहिजे. दुसरी ओळ Internet Connection, ती Failed येणार, बहुतेक 80710102 असा कोड आणि डीएनएस एररचा मेसेज. येणारच ना, डीएनएस सर्व्हर आहेच कुठे. इथे लोक घाबरून सगळं परत Easy वर टाकतात आणि आत्ता झालेलं काम पुसून टाकतात. तसं करू नका. आपल्यासाठी पहिली ओळ पास झाली की काम झालं. खात्री हवी असेल तर Settings and Connection Status List उघडून तिथे तुम्ही टाकलेला आयपी दिसतोय का ते बघून घ्या.

ऐरोलीला माझ्या मावशीकडे आम्ही सगळे भाऊ जमतो, तिथलं सेटअप सांगतो म्हणजे कुठल्या लक्षणाचा काय अर्थ ते कळेल. एक पीएस३ हॉलमध्ये, दुसरा आतल्या बेडरूममध्ये, स्विच हॉलच्या टीव्ही युनिटवर. हॉलची केबल दीड मीटरची, बेडरूमची पंधरा मीटर, पॅसेजमधून दाराखालून गेलेली. गेम कॉल ऑफ ड्युटी, ब्लॅक ऑप्स टू, त्यात System Link म्हणून वेगळा पर्याय आहे, लॅनसाठी तोच घ्यायचा. (हे आधी तपासा बरं का, पुष्कळ गेममध्ये ऑनलाइन मल्टिप्लेअर असतं पण लॅन नसतंच, मग तुम्ही कितीही केबल बदला काही होणार नाही. गेमच्या मेनूमध्ये System Link किंवा LAN असं काही दिसत नसेल तर तिथेच थांबा.)

मागच्या वेळी तिथे पहिलं लक्षण हे होतं की लिस्ट पूर्ण रिकामी. हॉलवाल्या कन्सोलने होस्ट केलं, बेडरूमवाल्याने रिफ्रेश करून करून दमला, काही नाही. दोन्हीकडे Status List उघडली, तर हॉलवाल्याला 192.168.1.11 होता आणि बेडरूमवाल्याच्या लिस्टमध्ये कनेक्शनच वाय-फायवर होतं, कारण तो कन्सोल कळव्याहून आला होता आणि त्यांच्या घरी तो वाय-फायवर चालतो. म्हणजे केबल लावलेली पण वापरातच नाही. ते वायर्ड केलं, मॅन्युअल आयपी टाकला, लगेच लिस्टमध्ये नाव आलं.

पण जॉइन होईना. आता हे दुसरं लक्षण, आणि पहिल्यापासून एकदम वेगळं आहे. लिस्ट रिकामी असेल तर गडबड खाली आहे, केबल, पोर्ट, वायर्ड-वायरलेस, आयपी यात. लिस्टमध्ये नाव येतंय पण आत जाताना बाहेर फेकतोय तर केबलच्या मागे लागू नका, निरोप पोचतोय हे सिद्ध झालेलं आहे. अशा वेळी दोन-तीनच गोष्टी बघायच्या.

एक म्हणजे आयपीचे आकडे परत वाचायचे. एकाचा 192.168.1.11 आणि दुसऱ्याचा 192.168.0.12 असं झालं असेल तर दोघांच्या टेस्टमध्ये पहिली ओळ Succeeded येते, सगळं बरोबर वाटतं, पण ते दोन वेगळ्या सबनेटमध्ये आहेत. होस्ट "मी इथे आहे" असं जे सांगतो ते ब्रॉडकास्ट असतं, स्विच ते सगळ्या पोर्टवर पाठवतो, त्यामुळे लिस्टमध्ये नाव येऊ शकतं. पण जॉइन करताना कन्सोल त्या एका अ‍ॅड्रेसला सरळ पॅकेट पाठवायला जातो, बघतो की हा माझ्या सबनेटचा नाही, मग राउटरकडे द्यायला जातो, आणि राउटर तर नाहीये. त्यामुळे नाव दिसतं आणि आत जाता येत नाही. तिसरा आकडा दोन्हीकडे सारखाच पाहिजे आणि चौथा दोन्हीकडे वेगळाच पाहिजे, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे. चौथा पण सारखा झाला, म्हणजे कोणीतरी एकाच्या स्क्रीनचा फोटो काढून दुसऱ्याला व्हॉट्सअ‍ॅप केला आणि त्याने जसाच्या तसा टाकला, तर दोघं एकाच अ‍ॅड्रेससाठी भांडतात आणि कधी एक चालतो कधी दुसरा, अगदी वेड लागतं.

दुसरी गोष्ट गेमचं व्हर्जन, आणि ऐरोलीला हेच होतं. कळव्याचा कन्सोल नेटवर असतो म्हणून त्याच्यात गेमचे पॅच उतरलेले होते, हॉलमधला कन्सोल कधी नेटवर जातच नाही, त्यात डिस्कवरचं मूळ व्हर्जन. दोन्ही डिस्क एकाच गेमच्या असल्या तरी आत चालणारी गेम वेगळी झाली, आणि वेगळ्या व्हर्जनचे दोन कन्सोल एकमेकांना आत घेत नाहीत. एक्सएमबीवर, म्हणजे पीएस३ च्या मुख्य मेनूवर, गेमच्या आयकॉनवर त्रिकोण दाबा, Information मध्ये व्हर्जन दिसतं, दोन्हीकडचं शेजारी शेजारी वाचा.

इंटरनेट नसताना वरच्या व्हर्जनवर जाता येत नाही पण खालच्यावर येता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पॅच डिस्कवर नसतो, हार्ड डिस्कवर गेम डेटा म्हणून बसतो. Game मध्ये Game Data Utility उघडा, त्या गेमचा डेटा शोधा, डिलीट करा. मग गेम डिस्कवरच्या मूळ व्हर्जनवर चालते. दुसऱ्या कन्सोलवर पण काही जुना पॅच असेल तर तिथे पण डिलीट, म्हणजे दोघं एकदम सारखे. काही गेम सुरू होताना डिस्कवरून परत थोडा डेटा इन्स्टॉल करायला मागतात, करू द्या, तो डिस्कचाच असतो. फक्त जाताना नीट बघा, Saved Data Utility वेगळी आहे, तुमची प्रगती तिथे असते, तिला हात लावायचा नाही. आणि ज्याचा कन्सोल आहे त्याला विचारून डिलीट करा, कारण घरी जाऊन ऑनलाइन गेल्यावर त्याला तो पॅच परत उतरवावा लागणार आहे आणि ते वेळखाऊ आहे.

उलटं करायचं असेल, म्हणजे दोघांना नवीन व्हर्जनवर न्यायचं असेल, तर फोनच्या हॉटस्पॉटने करता येतं, पण हॉटस्पॉट २.४ गीगाहर्ट्झवर ठेवा, पीएस३ चं वाय-फाय जुन्या बी आणि जी स्टँडर्डचं आहे, ५ गीगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला दिसतच नाही. पॅच उतरला की परत वायर्ड आणि मॅन्युअल आयपी करायला विसरू नका, कारण हॉटस्पॉट जोडला त्याच क्षणी तुमची जुनी सेटिंग गेलेली असते. तिसरी गोष्ट लहान आहे: होस्टने पैसे देऊन घेतलेल्या डीएलसीचा मॅप लावलाय आणि दुसऱ्याकडे तो मॅप नाही, तर अडणारच. डिस्कवरचा मॅप लावा आणि बघा.

आता केबल. यावर मला जरा सविस्तर बोलायचंय कारण आपल्याकडे लॅन केबल म्हणजे बहुतेक वेळा बिल्डिंगमध्ये इंटरनेटचं काम करणाऱ्या मुलाने जाग्यावर क्रिंप करून दिलेली असते, आणि तीच केबल घरी राउटरला वर्षानुवर्षं व्यवस्थित चाललेली असते, म्हणून तिच्यावर संशय घ्यायला कोणी तयार होत नाही.

केबलच्या आत आठ तारा, दोन-दोनच्या पिळलेल्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला फक्त चार तारा लागतात, पिन १, २, ३ आणि ६. गीगाबिटला आठही लागतात. पीएस३ चा लॅन पोर्ट गीगाबिटचा आहे. आता समजा तुमची केबल अशी आहे की तिच्यात चारच तारा धड लागल्यात, बाकीच्या आत पोचल्या नाहीत किंवा मुद्दाम सोडल्यात. १०० एमबीपीएसच्या स्वस्त स्विचवर ती केबल झकास चालेल. मग कोणीतरी म्हणतं नवीन गीगाबिट स्विच घेऊया, तो आणतात, आणि तीच केबल बंद पडते. कारण स्पीड किती ठेवायचा हे दोन्ही टोकं आधी ठरवतात, आणि ते ठरवणं त्या चार चांगल्या तारांवरूनच होतं. तिथे दोघं म्हणतात आपण दोघं गीगाबिटवाले, चला गीगाबिट, आणि मग प्रत्यक्ष जोडायला गेले की बाकीच्या चार तारा नाहीतच. काही डिव्हाइस हे ओळखून आपणहून १०० वर उतरतात, काही नाही उतरत, मग दिवा लागतो विझतो लागतो विझतो किंवा लागतच नाही. "जुना स्विच चांगला होता, नवीन खराब निघाला" असं म्हणून दुकानात भांडायला जाण्याआधी केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक कनेक्टरमधून बघा, आठही तारा पुढच्या टोकापर्यंत पोचल्यात का.

रंगांचा क्रम दोन्ही टोकांना असा पाहिजे: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. याला टी५६८बी म्हणतात. यात हिरव्या जोडीच्या दोन तारा ३ आणि ६ वर जातात आणि मध्ये निळी जोडी बसते, हे बघायला विचित्र वाटतं, म्हणून घाईत काम करणारे सरळ जोड्या शेजारी शेजारी लावून टाकतात, केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच लावलं की स्वस्त टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात, केबल पास. पण ३ आणि ६ आता वेगवेगळ्या जोडीतल्या तारा झाल्या, पीळ असतो तोच मुळी एका जोडीच्या दोन तारांमध्ये बाहेरचा गोंधळ कापण्यासाठी, तो फायदा गेला. दीड-दोन मीटरला काही कळत नाही, पंधरा-वीस मीटरची केबल झाली की लिंक तुटते, पॅकेट हरवतात. आमची बेडरूमवाली केबल अशीच होती. लॉबीत दोघं आले, मॅच सुरू झाली, आणि मध्येच बेडरूमवाला बाहेर. परत आत, परत बाहेर. आयपी बरोबर, व्हर्जन सारखं. हॉलची छोटी केबल बेडरूमच्या कन्सोलला लावायला कन्सोलच उचलून हॉलमध्ये आणला, एकदाही तुटलं नाही. म्हणजे लांब केबल. दोन्ही टोकं कापून टी५६८बी क्रमाने परत क्रिंप केली, तीच केबल तिथेच चालायला लागली. नवीन घ्यायची तर फॅक्टरीत मोल्ड केलेली कॅट५ई घ्या, ठाणे स्टेशनच्या आसपास कुठल्याही मोबाइल-कॉम्प्युटरच्या दुकानात मिळते, कॅट६ घ्यायची यासाठी काही गरज नाही.

आणि वर म्हणालो होतो की Auto-Detect तसंच राहू द्या, त्याचं कारण हे. लिंक तुटत असली की कोणीतरी सुचवतं की कन्सोलवर स्पीड हाताने १०० फुल डुप्लेक्स करून टाक. साध्या स्विचवर तुम्हाला असं काही सेट करता येत नाही, तो ऑटोवरच असतो. एक टोक ऑटो आणि एक हाताने ठरवलेलं असलं की ऑटोवाल्याला समोरचा स्पीड कळतो पण फुल डुप्लेक्स आहे हे कळत नाही, तो हाफ धरून चालतो. मग एक बाजू बोलता बोलता ऐकते आणि दुसरी म्हणते एका वेळी एकानेच बोला. लिंक दिसते, गेम चालते, पण गर्दीच्या वेळी झटके बसतात, आणि हा दोष शोधायला खूप त्रास होतो. खराब केबल असेल तर केबल बदला, स्पीड बांधून ठेवू नका.

लॅपटॉप असेल तर बरंच काही लवकर कळतं. स्विचच्या तिसऱ्या पोर्टला लावा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, लॅनला 192.168.1.50 आणि मास्क 255.255.255.0 द्या, आणि विंडोजमध्ये:

```
ping -n 100 192.168.1.12
arp -a
```

सगळी उत्तरं आली, वेळ एक मिलिसेकंद किंवा त्याहून कमी, तर त्या कन्सोलपर्यंतचा रस्ता साफ आहे, गेममध्ये शोधा. शंभरात काही हरवली तर केबल. `Destination host unreachable` आलं आणि तेही लॅपटॉपच्याच स्वतःच्या अ‍ॅड्रेसकडून, तर त्या आयपीवर कोणीच बोललं नाही, कन्सोलची सेटिंग किंवा तार बघा. आणि नुसतं `Request timed out` आलं तरी लगेच हार मानू नका, `arp -a` मध्ये त्या आयपीसमोर मॅक अ‍ॅड्रेस आलाय का बघा, आला असेल आणि कन्सोलच्या System Information मधल्या MAC Address शी जुळत असेल तर कन्सोल लाइनवर आहे. हेच दुसऱ्या कन्सोलसाठी 11 टाकून करायचं.

स्विचबद्दल दोनच गोष्टी. जास्तीची केबल लोंबकळत असते आणि कोणीतरी तिची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचून ठेवतो, त्याने लूप होतो, ब्रॉडकास्ट फिरत राहतं आणि सगळे दिवे एकत्र वेड्यासारखे लुकलुकायला लागतात, मग कोणालाच काही दिसत नाही. ती केबल काढली की लगेच ठीक. दुसरं म्हणजे अ‍ॅडॉप्टर, दोन टीव्ही, दोन कन्सोल, पंखा सगळं एका एक्स्टेंशन बोर्डवर असलं आणि स्विचचा छोटा अ‍ॅडॉप्टर ढिला बसला असेल तर कोणी बोर्डला पाय लावला की स्विच बंद-चालू होतो आणि दोन्ही कन्सोल एकदम बाहेर पडतात. ओळखायचं असं, की एकच बाहेर पडला तर त्याची केबल, दोघं एकाच क्षणी पडले तर स्विच.

स्विच नसेल आणि घरात जुना राउटर पडलेला असेल तर तोही चालतो, आणि एका अर्थी जास्त सोपा पडतो, कारण त्याचा डीएचसीपी इंटरनेट नसतानाही अ‍ॅड्रेस वाटतो. फक्त दोन्ही केबल त्याच्या LAN पोर्टमध्येच लावा, वेगळ्या रंगाचा जो WAN असतो तो रिकामा. मग कन्सोलवर वायर्ड निवडून आयपी Automatic ठेवला तरी पहिली ओळ Succeeded येते, आणि दुसरी तिथेही Failed येते.